एलिव्हेशनला उठाव: आधी सावली, मग रंग

एलिव्हेशन म्हणजे इमारतीचा सपाट चेहरा. पर्स्पेक्टिव्हमध्ये रेषा दूर जाताना लहान होतात, त्यामुळे खोली आपोआप कळते. एलिव्हेशनमध्ये तशी सोय नाही. तीन फूट पुढे आलेली भिंत आणि तिच्या मागची भिंत कागदावर एकमेकींना चिकटून उभ्या असतात, दोघींमध्ये फक्त एक उभी रेघ. कोणती पुढे आणि कोणती मागे हे त्या रेघेवरून कळत नाही. ते सांगते फक्त सावली, आणि किती पुढे हे सांगते सावलीची रुंदी.

म्हणून रंगापासून सुरुवात करणाऱ्याचे काम बहुतेक वेळा फसते. भिंत क्रीम, विटा तांबड्या, काच निळी असे सगळे भरून झाल्यावर छज्जाखाली काळ्या पेन्सिलीने एक पट्टी ओढली जाते. ती पट्टी सावलीसारखी दिसत नाही, भिंतीवर काळा पट्टा रंगवल्यासारखी दिसते. इथे क्रम उलटा आहे: सावली मोजायची, ती आधी घालायची आणि तिच्यावरून साहित्याचा रंग फिरवायचा.

उदाहरणासाठी एक साधे दुमजली घर घेऊ. स्केल १:५०, कागद ए३. घराची रुंदी ९.६ मीटर, म्हणजे कागदावर १९२ मिमी. जोते ६०० मिमी, दोन मजले प्रत्येकी ३ मीटर, वर गच्चीचा १ मीटरचा कठडा, म्हणजे पॅरापेट. एकूण उंची ७.६ मीटर, कागदावर १५२ मिमी. डावीकडचा ३.६ मीटरचा भाग विटांचा आहे आणि तो ९०० मिमी पुढे आलेला आहे. उजवीकडची ६ मीटरची मुख्य भिंत गिलाव्याची, फिकट क्रीम रंगाची. पॅरापेट दोन्हीकडे एकाच उंचीला. दोन्ही भागांत खिडक्या, प्रत्येकीवर ६०० मिमीचा छज्जा, आणि काच भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून १५० मिमी आत. दाराशी पोर्च, त्याला ३०० मिमी व्यासाचे गोल खांब.

कागद आणि त्याच्या खाली काय

१५० ते २०० जीएसएमची, बारीक दाण्याची कार्ट्रिज शीट या कामाला योग्य. अगदी गुळगुळीत कागदावर रंगीत पेन्सिलीचे दोन थर बसतात, तिसरा घसरतो. फार खरखरीत कागदावर मोठी भिंत छान दिसते, पण १:५० ला खिडकीची चौकट एक-दीड मिमीची असते आणि तिची कड दाण्यावर तुटत जाते.

ड्रॉइंग बोर्डवर शीट थेट लावून शेडिंग करू नका. बोर्डच्या रेषा, जुने ओरखडे, टाचणीची भोके असे सगळे शेडमधून वर उमटते, आणि एकदा उमटले की जात नाही. शीटखाली साध्या कागदांची चार-पाच पाने ठेवली की पृष्ठभाग किंचित मऊ होतो आणि टोन सारखा बसतो.

रेखाटन एच पेन्सिलीने, हलक्या हाताने. एचबी किंवा बी ने काढलेल्या रेषेवरून क्रीम रंगाची पेन्सिल फिरवली की ग्रॅफाइट ओढले जाते आणि भिंत मळकट राखाडी होते. रेखाटन पूर्ण झाल्यावर मळता येणारे मऊ रबर लाटण्यासारखे सगळ्या चित्रावरून एकदा लाटा. सुटे ग्रॅफाइट त्याला चिकटून निघून जाते, रेषा फिकट होऊन तेवढीच राहते. रबराने घासायचे नाही, कारण घासल्याने दाणा मोडतो आणि तिथे पुढे रंग वेगळा बसतो.

पेन्सिली फार लागत नाहीत. साध्या पेन्सिलींत एच, एचबी, २बी आणि ४बी. रंगीत पेन्सिलींत क्रीम, पिवळी गेरू, केशरी, विटकरी, गडद तपकिरी, इंडिगो, करडा-जांभळा, एक उबदार आणि एक थंड राखाडी, हिरवा आणि पांढरा. काळा मुद्दाम यादीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

सावलीची मापे

एलिव्हेशनसाठी रूढ पद्धत अशी की उजेड वरून, डावीकडून आणि समोरून येतो, आणि प्लॅन व एलिव्हेशन या दोन्हींत त्याचा किरण ४५ अंशात दिसतो. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारा जो कर्ण, तीच या किरणाची दिशा. जमिनीशी त्याचा खरा कोन साधारण ३५ अंश असतो, पण ते आकडेमोडीला लागत नाही. लागतो तो एवढाच परिणाम: वस्तू भिंतीपासून जेवढी पुढे, तेवढीच तिची सावली उजवीकडे आणि तेवढीच खाली सरकते. ही पद्धत खऱ्या सूर्याला विचारत नाही. उत्तरेच्या भिंतीवर सूर्य येवो न येवो, एका शीटवरच्या चारही एलिव्हेशनना उजेड डावीकडूनच द्यायचा, नाहीतर पाहणारा गोंधळतो.

आपल्या घराला हे लावू. विटांचा भाग ९०० मिमी पुढे आहे, म्हणजे कागदावर १८ मिमी. त्याच्या उजव्या कडेपासून मुख्य भिंतीवर १८ मिमी रुंदीचा उभा सावलीचा पट्टा पडेल. वरती हा पट्टा सरळ कापलेला नसतो. पॅरापेटच्या माथ्यावर, जिथे दोन्ही भाग मिळतात, तिथून ४५ अंशात खाली-उजवीकडे तिरकी रेघ जाते. १८ मिमी उजवीकडे आणि १८ मिमी खाली गेली की तिथून पट्ट्याची कड उभी खाली उतरते. हा तिरका कोपरा पुष्कळांकडून सुटतो, आणि तो सुटला की पुढे आलेला भाग आकाशातही पुढेच चालू आहे असे वाटते.

छज्जा ६०० मिमी, म्हणजे १२ मिमी. छज्जाच्या खालच्या कडेपासून १२ मिमी खाली भिंतीवर सावलीची आडवी कड. छज्जाच्या डाव्या टोकाला सावली ४५ अंशातल्या तिरक्या रेघेने सुरू होते. उजव्या टोकाला ती छज्जाच्या बाहेर १२ मिमी सरकते. तिथे स्लॅबच्या वरच्या कोपऱ्यातून ४५ अंशात रेघ खाली येते, १२ मिमी गेल्यावर उभी होते आणि छज्जाच्या जाडीइतकी उतरून आडव्या कडेला मिळते. म्हणजे सावली हा छज्जाखालचा आयत नसून उजवीकडे ढकललेला आकार आहे.

आता खिडकी. काच भिंतीपासून १५० मिमी आत आहे, कागदावर ३ मिमी. छज्जा भिंतीपासून १२ मिमी पुढे असला तरी काचेपासून तो १५ मिमी पुढे आहे. म्हणून भिंतीवर १२ मिमीला थांबलेली सावली काचेवर १५ मिमीपर्यंत उतरते. खिडकीच्या उघडीत सावलीची कड ३ मिमीने खाली पायरी घेते. शिवाय डाव्या बाजूच्या भिंतीची ३ मिमी रुंदीची उभी सावली काचेवर वरपासून खालपर्यंत पडते. ही पायरी आणि ही बारीक पट्टी घातली की खिडकी भिंतीत रुतते, आणि घातली नाही तर भिंतीवर चिकटवलेली राहते. सबंध एलिव्हेशनमध्ये इतक्या कमी कामात इतका फरक पाडणारी दुसरी जागा नाही.

सगळ्या सावल्यांच्या कडा गुण्याने, एच पेन्सिलीने अगदी फिकट आखून घ्या. अंदाजाने घातलेल्या सावल्या एकमेकींशी खोटे बोलतात. एक छज्जा १२ मिमीचा आणि दुसरा ९ मिमीचा दिसला, तर पाहणाऱ्याला दुसरा छज्जा आखूड वाटतो. चूक शेडिंगची आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

साध्या पेन्सिलीत तालीम

रंगाला हात लावण्याआधी त्याच रेखाटनाची एक झेरॉक्स घेऊन तिच्यावर फक्त साध्या पेन्सिलीने पूर्ण टोन घालून पाहा. यात अर्धा-पाऊण तास जातो आणि पुढचे दोन दिवस वाचतात.

शीटच्या कडेला पाच चौकटींची पट्टी करा. पहिली कोरी, पाचवी ४बी ने जितकी गडद जाईल तितकी, मधल्या तीन त्यांच्यामध्ये. आता घरातल्या प्रत्येक पृष्ठभागाला यातला एक क्रमांक द्या. उजेडातली क्रीम भिंत पहिली, म्हणजे जवळजवळ कोरी. उजेडातल्या विटा दुसऱ्या. क्रीम भिंतीवरची सावली तिसरी. विटांवरची सावली चौथी. काचेतला सगळ्यात गडद भाग आणि छज्जाच्या खालच्या कडेची बारीक रेघ पाचवी.

या यादीत एक गोष्ट दडलेली आहे. क्रीम भिंतीवरची सावली आणि विटांवरची सावली एकाच सूर्याची असली तरी एकसारखी गडद नसते, कारण खालचा पृष्ठभागच वेगळा आहे. सगळ्या सावल्या एकाच टोनने भरल्या की क्रीम भिंतीवर भोक पडल्यासारखे दिसते आणि विटांवर सावली आहे की नाही हे कळत नाही. सावली म्हणजे पृष्ठभागावरून उजेड काढून घेणे. पृष्ठभाग तिच्यातून दिसत राहिला पाहिजे.

आता हात. सावली भरताना पेन्सिल टोकाशी धरू नका, चार-पाच सेंटीमीटर मागे धरा म्हणजे दाब आपोआप कमी होतो. शिसे लांब तासा आणि रद्दी कागदावर एका अंगाने घासून त्याला तिरका चपटा भाग आणा. या चपट्या अंगाने मारलेली रेघ दीड-दोन मिमी रुंद पडते, आणि रेघा एकमेकींना किंचित चढत गेल्या की मध्ये पट्टे राहत नाहीत. सगळ्या रेघा एकाच दिशेने मारा. सावलीसाठी ४५ अंशाची दिशा सोयीची: किरणाच्या दिशेशी जुळते आणि भिंतीच्या उभ्या-आडव्या रेषांपासून वेगळी दिसते.

गडदपणा दाबाने आणायचा नाही, थरांनी आणायचा. एचबी चा पहिला थर ४५ अंशात, दुसरा किंचित फिरवून साधारण ६० अंशात, तिसरा फक्त जिथे हवा तिथे २बी ने. एकाच थरात जोर लावला तर कागदाचा दाणा दबतो, ग्रॅफाइट चकाकते, आणि समोरून काळी दिसणारी सावली बाजूने पाहिली की चंदेरी दिसते. फोटोत तर ती उजेडासारखीच येते.

सावलीच्या आतही चढ-उतार हवा. बाहेरची कड, जिथे सावली संपून उजेडातली भिंत सुरू होते, ती सगळ्यात धारदार आणि किंचित जास्त गडद ठेवायची; छज्जाकडे वर जाताना टोन थोडा हलका करायचा. जमिनीवरून आणि समोरून परतलेला उजेड सावलीत शिरतो, म्हणून हलका भाग पटतो, आणि गडद कडेमुळे शेजारची भिंत आणखी उजळ दिसते. हा फरक अर्ध्या पायरीपेक्षा जास्त नको. जास्त झाला की सावली गोलाईसारखी वाटू लागते.

धारदार कडेसाठी पट्टी धरून रेघ मारण्यापेक्षा मास्क वापरा. जाड कागदाची सरळ कापलेली पट्टी उजेडाच्या बाजूला कडेवर ठेवायची आणि शेडिंगच्या रेघा पट्टीवरूनच सुरू करून सावलीत आणायच्या. पट्टी उचलली की कड चाकूने कापल्यासारखी निघते आणि तिला वेगळी बाह्यरेषा लागत नाही. सावलीभोवती बाह्यरेषा ओढणे ही सवय मोडलेलीच बरी. खऱ्या सावलीला रेघ नसते. पट्टीची कड मात्र दर दोन-तीन वापरांनी बदला, तिच्यावर जमलेले ग्रॅफाइट पुढच्या भिंतीवर उतरते.

गोल खांब

पोर्चचा खांब ३०० मिमीचा, म्हणजे कागदावर फक्त ६ मिमी. एवढ्याशा जागेत गोलाई दाखवायची, तर टोन नेमका कुठे पडतो हे माहीत हवे. बहुतेकजण डावी कड पांढरी ठेवून उजव्या कडेपर्यंत गडद करत नेतात. त्याने अर्धा खांब दिसतो, उजवी बाजू मागे वळत नाही.

उजेड समोरून-डावीकडून ४५ अंशात येतो, त्यामुळे खांबाचा सगळ्यात उजळ भाग डाव्या कडेवर पडत नाही; मध्यापासून डावीकडे त्रिज्येच्या साधारण ०.७ पटीवर पडतो. त्रिज्या ३ मिमी, म्हणजे मध्यापासून २.१ मिमी. तेवढ्याच अंतरावर उजवीकडे उजेड संपतो आणि सगळ्यात गडद उभी पट्टी येते. त्या पट्टीच्या पलीकडे, उजव्या कडेपर्यंत, साधारण १ मिमीची जागा परतलेल्या उजेडाने किंचित हलकी असते. डावी कडही किंचित टोनची, कारण तिथेही पृष्ठभाग पाठ फिरवत असतो.

एचबी ला तीक्ष्ण टोक करून फक्त उभ्या रेघा मारा. आधी गडद पट्टी, मग तिच्या दोन्ही बाजूंना फिकट होत जाणाऱ्या रेघा, उजळ पट्टी कोरी. सहा मिमीत आठ ते दहा रेघा पुरतात. शेवटी उजवी कड एकदा मऊ रबराच्या चिमटलेल्या टोकाने टिपून घ्या.

त्या खांबाची सावली मागच्या भिंतीवर खांबापेक्षा रुंद पडते, कारण ४५ अंशात येणारा किरण गोलाला दोन्ही अंगांनी चाटून भिंतीवर तिरका आदळतो. ६ मिमीच्या खांबाची सावली साधारण साडेआठ मिमी. ती सपाट भिंतीवर आहे, म्हणून तिच्यात गोलाईचा टोन नको. ती एकसारखी भरायची.

रंग: सावलीवरून फिरणारा

तालीम पटली की मूळ शीट घ्या. इथे साध्या पेन्सिलीने सावली भरायची नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे ग्रॅफाइटवर रंग मळतो. सावलीचा पाया रंगीत पेन्सिलीचाच, करडा-जांभळा. सगळ्या सावल्या, क्रीमवरच्या आणि विटांवरच्या, या एकाच पेन्सिलीने, तालमीतल्या टोनपेक्षा एक पायरी हलक्या भरून घ्या. या टप्प्यावर घर एकरंगी दिसते आणि तरीही त्याची खोली पूर्ण कळते. ती कळत नसेल तर पुढे जाऊ नका, सावलीत चूक आहे.

त्यावर साहित्याचा रंग. क्रीम पेन्सिल भिंतीच्या उजेडातल्या भागातून सुरू करून थेट सावलीत न्यायची. सावलीच्या कडेवर थांबायचे नाही, दाबही बदलायचा नाही. जांभळ्या पायावर क्रीम बसले की सावली उबदार करडी होते आणि ती त्याच भिंतीची वाटते. काळ्या पेन्सिलीने हे जमत नाही, म्हणून ती यादीत नव्हती. काळा खालचा रंग मारून टाकतो आणि कुठल्याही भिंतीवर सारखाच दिसतो.

फिकट पेन्सिल गडद थरावरून गेली की तिच्या टोकाला जांभळा चिकटतो आणि परत उजेडात आली की तिथे डाग पडतो. म्हणून रेघ नेहमी उजेडाकडून सावलीकडे, उलट नाही. आणि पाच-सहा रेघांनंतर टोक रद्दी कागदावर घासून स्वच्छ करायचे.

मोठी भिंत एकाच टोनची ठेवली की ती निर्जीव दिसते. क्रीम भिंतीच्या एका टोकाला पिवळ्या गेरूचा अगदी हलका हात द्या आणि दुसऱ्या टोकाकडे कागद जवळजवळ कोरा सोडा. आपल्या घरात सावलीच्या पट्ट्यालगत भिंत कोरी आणि उजव्या टोकाकडे किंचित गेरू, म्हणजे सर्वात मोठा फरक सावलीच्या कडेवर येतो आणि पाहणाऱ्याची नजर तिथे जाते.

विटा

दोन विटांमधला सांधा म्हणजे दर्ज. या दर्जा पांढऱ्या रेघांनी नंतर काढायला गेलात तर ते होणार नाही. रंगीत पेन्सिलीवर पांढरी पेन्सिल तेवढी उठत नाही. दर्जा आधी दाबून घ्यायच्या. शाई संपलेले बॉलपेन घेऊन, पट्टीच्या आधाराने, कोऱ्या कागदावर आडव्या रेघा दाबून ओढा. कागद खोलगट होतो. त्यावरून चपट्या शिशाने रंग फिरवला की रंग उंचवट्यावर बसतो, खोलगट रेघ कोरी राहते आणि पांढरी दर्ज आपोआप दिसते. हे काम रंगाच्याही आधी आणि सावलीच्याही आधी करायचे.

वीट आणि दर्ज मिळून थर ८५ मिमीचा धरला तर कागदावर १.७ मिमी. प्रत्येक थर वेगळा मोजत बसलात तर चुका साचत जातात. कागदाच्या पट्टीवर दहा थरांचे १७ मिमी मारून घ्या, तीच पट्टी भिंतीच्या दोन्ही कडांना लावून खुणा करा आणि मधले थर त्यातून भागा. उभ्या दर्जा सगळ्या दाबू नका. कुठे कुठे चार-सहा विटांचा गट, विशेषतः कोपऱ्यांशी आणि खिडक्यांच्या बाजूंना. सगळ्या दाखवल्या की विटांची भिंत जाळीसारखी होते आणि बाकी घर मागे पडते. १:१०० ला थर ०.८५ मिमीचा होतो. तिथे दर्जा सोडून फक्त आडव्या दिशेने रंग मारावा.

सावलीतल्या दर्जेकडे मात्र परत यावे लागते. छज्जाच्या सावलीतही खोलगट रेघा कोऱ्याच राहतात, आणि सावलीत लखलखणाऱ्या पांढऱ्या दर्जा म्हणजे तिथे ऊन पडल्याची साक्ष. इंडिगो पेन्सिलीला सुईसारखे टोक करून सावलीतल्या प्रत्येक खोलगट रेघेतून एकदा फिरवा. दर्ज दिसत राहते, पण बसते.

रंगाचे थर असे: आधी केशरी हलका, मग विटकरी मध्यम दाबाने, दोन्ही आडव्या रेघांनी. मग तीक्ष्ण तपकिरीने दहा-बारा विटांमागे एखादी वीट सुटी गडद करा, आणि तितक्याच विटा पहिल्या थरावरच सोडा. गडद विटा ठरावीक अंतरावर आल्या की तो नक्षीचा पट्टा होतो. सुटी वीट निवडताना डोळे किलकिले करून बघत निवडली तर नियम कमी शिरतो.

काच

दिवसा बाहेरून पाहिलेली काच बहुतेक वेळा भिंतीपेक्षा गडद असते, कारण आतली खोली बाहेरच्या उजेडापेक्षा कितीतरी अंधारी असते. आकाशी निळ्या रंगाने एकसारखी भरलेली काच टाइलसारखी दिसते ती यामुळेच. तळमजल्याची काच इंडिगो आणि गडद तपकिरी यांच्या थरांनी, वरून गडद आणि खाली थोडी हलकी. वरच्या मजल्याची काच आकाश जास्त परावर्तित करते, म्हणून तिला थंड राखाडीचा हलका थर देऊन एका कोपऱ्यात तिरका भाग जवळजवळ कोरा ठेवा.

प्रत्येक तावदान वेगळे भरा आणि शेजारच्या दोघांत थोडा फरक ठेवा. चौकटीच्या खालच्या आणि उजव्या अंगाला पाव मिमीचा कागद कोरा राहू द्या. ती चौकटीच्या जाडीवर पडलेली उजेडाची धार. काचेवरची छज्जाची सावली आणि डावी ३ मिमी पट्टी आधी करड्या-जांभळ्याने घातलेली आहे, काचेचा रंग तिच्यावरून गेला की ती आपोआप सगळ्यात गडद होते. इथे थोडा अतिरेक चालतो.

बिघडते कुठे

हाताखाली कागद न ठेवल्याने शीट मळते हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी मळते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी, आणि रबराचा चुरा तळहाताने न झटकता मऊ ब्रशने झाडावा. तळहाताचा तेलकटपणा कागदावर बसला की तिथे पेन्सिल घसरते, आणि हे रंग देईपर्यंत कळत नाही.

पाच-सहा थरांनंतर मेणाच्या पेन्सिलीचा पुढचा थर बसेनासा होतो, पृष्ठभाग चकचकीत होतो. कागदाचा दाणा भरून गेलेला असतो. जोर लावून उपयोग नाही. मऊ रबराने दाबून थोडे मेण उचलून घ्या, मग एखादा थर बसतो. म्हणून शेवटचे गडद टिपके, म्हणजे छज्जाची खालची कड, काचेचे कोपरे, जोत्याशी भिंत मिळते ती रेघ, यांच्यासाठी दाणा राखून ठेवायचा असतो.

काही दिवसांनी गडद भागांवर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसला तर तो रंग उडालेला नाही. पेन्सिलीतले मेण वर आलेले असते. मऊ कापडाने हलके पुसले की जाते, पण परत येऊ शकते. फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग कागदावर पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे, दोन पातळ हात दिले की थांबते. फवारा साधारण ३० सेंटीमीटरवरून, सरकत्या हाताने, शीटच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि हवा खेळती असेल तिथेच. फवाऱ्याने रंग किंचित गडद होतात, म्हणून आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पाहावे. त्यानंतर खोडणे जवळजवळ बंद.

काम थांबवायचे कधी, यासाठी शीट भिंतीला टेकवून दीड-दोन मीटर मागे जा आणि डोळे बारीक करा. किंवा मोबाइलने फोटो काढून तो कृष्णधवल करा. विटांचा भाग आणि क्रीम भिंत वेगळ्या अंतरावर दिसत नसतील तर दोघींमधला १८ मिमीचा पट्टा अजून हलका आहे. विटांवरची सावली दिसत नसेल तर तिथे इंडिगोचा एक थर कमी आहे. रंगीत फोटोत या चुका लपतात, कारण तांबडा आणि क्रीम रंगानेच वेगळे वाटतात.

आकाश आणि झाडे सगळ्यात शेवटी, आणि थोडीच. आकाशाचा टोन इमारतीच्या उजेडातल्या कडेला थोडा गडद हवा, म्हणजे पॅरापेटची कोरी कड उठते. चित्राच्या कडेकडे तो विरत जाऊ द्या. झाड लावायचेच असेल तर उजव्या टोकाला लावा, १८ मिमीचा पट्टा आणि त्याचा वरचा तिरका कोपरा यांच्यासमोर नाही.